रिपल काउंटर मोजतो कितीपर्यंत, आणि वाचता येतो कितीपर्यंत

ऐरोलीहून डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी वागळे इस्टेटमधल्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये ब्रेडबोर्ड घेऊन आली. बोर्डवर १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर होता आणि ७४एलएस९३ या दोन चिप एकापुढे एक जोडून केलेला आठ बिटांचा काउंटर. काउंट ६४ वर आला की एका गेटमधून पल्स निघायचा आणि त्याने पुढचा फ्लिपफ्लॉप उलटायचा. दर २५६ क्लॉकमागे एकच पल्स यायला हवा होता. प्रत्यक्षात फ्लिपफ्लॉप कधी एकदा, कधी तीनदा, कधी पाचदा उलटत होता.

"सर, क्लॉक जास्त होतोय असं वाटलं म्हणून कॉलेजच्या जनरेटरवरून १ मेगाहर्ट्झ दिला. तरी तसंच. मग वायरिंग तीनदा नव्याने केलं."

"अगं, वायरिंग ठीक आहे तुझं," मी म्हटलं. "आणि क्लॉक कमी करून हे जाणारही नाही. तुझ्या बोर्डवर एकाच कारणातून आलेली दोन दुखणी आहेत. क्लॉक कमी केला की त्यातलं एक जातं, दुसरं राहतं."

ही दोन दुखणी वेगळी ओळखता आली की रिपल काउंटर कुठे वापरायचा आणि कुठे नाही हे पुष्कळसं सुटतं. म्हणून तिचाच बोर्ड घेऊन सगळं मांडतो.

आतमध्ये काय होतं

आमच्याकडे या चिपला नुसतं '९३' म्हणतात. तिच्यातले फ्लिपफ्लॉप क्लॉकच्या उतरत्या कडेला उलटतात. खरा क्लॉक फक्त पहिल्या फ्लिपफ्लॉपला मिळतो. पहिल्याचं आउटपुट दुसऱ्याचा क्लॉक, दुसऱ्याचं तिसऱ्याचा, असं शेवटपर्यंत. आधीचं आउटपुट एकावरून शून्यावर उतरलं तरच पुढचा हलतो. म्हणजे हातचा एकेका फ्लिपफ्लॉपमधून जातो आणि प्रत्येक जण थोडा वेळ खातो. अशा काउंटरलाच रिपल काउंटर म्हणतात.

स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात, ते डोळ्यांसमोर आणा. रांगेत आठ माणसं आहेत आणि प्रत्येकाला घमेलं पुढे द्यायला दोन सेकंद लागतात. खालून निघालेलं घमेलं वर पोचायला सोळा सेकंद लागतील. पण वर घमेली दर सोळा सेकंदांनी येत नाहीत, दर दोन सेकंदांनी येतात, कारण पहिल्या माणसाचे हात रिकामे झाले की तो पुढचं घमेलं उचलतो. रांग किती वेगाने चालते हे एका माणसावर ठरतं. एक घमेलं वर कधी पोचतं हे मात्र सगळ्या रांगेवर ठरतं. रिपल काउंटरच्या 'कमाल फ्रिक्वेन्सी'बद्दलचा जवळजवळ सगळा गोंधळ या दोन वेळा एकच समजल्याने होतो.

आता काउंटर १२७ वर आहे आणि क्लॉक पडला, असं धरा. १२७ म्हणजे शून्यामागे सात एक. पहिला बिट उतरतो, त्याच्यामुळे दुसरा, त्याच्यामुळे तिसरा, असे सात बिट पाठोपाठ उतरतात आणि शेवटी आठवा चढतो. बाहेरच्या आठ तारांवर त्या वेळात दिसणारे आकडे असे:

```
127 → 126 → 124 → 120 → 112 → 96 → 64 → 0 → 128
```

१२७ आणि १२८ यांच्यामध्ये काउंटर सात चुकीचे आकडे दाखवतो. त्यात ६४ आहे, हे लक्षात घ्या.

पहिलं दुखणं: खोटे पल्स

६४ ओळखणारं गेट आठही बिट एकदम पाहतं. १२७ वरून १२८ वर जाताना तारांवर ६४ क्षणभर येतो, तेव्हा ते गेट आपलं काम प्रामाणिकपणे करतं आणि पल्स देतं. मी तिला कागद दिला आणि सांगितलं, "असा ६४ आणखी कुठे येतो ते शोध." पाच मिनिटांत तिने यादी काढली. ६५ वरून ६६ वर जाताना पहिला बिट आधी उतरतो, तेव्हा ६४. ६७ वरून ६८ वर जाताना ६६, मग ६४. तसंच ७१ ते ७२, ७९ ते ८०, ९५ ते ९६ आणि १२७ ते १२८. खरा पल्स एक आणि खोटे सहा.

प्रत्येक खोटा पल्स साधारण एका फ्लिपफ्लॉपच्या डिलेइतका रुंद असतो, म्हणजे दहा-पंधरा नॅनोसेकंद. एवढा बारीक पल्स गेटमधून पार होईल की आतच विरेल, हे चिपगणिक बदलतं. म्हणून तिचा फ्लिपफ्लॉप कधी तीनदा, कधी पाचदा उलटायचा.

या पल्सची रुंदी क्लॉकवर अवलंबून नाही. क्लॉक १ मेगाहर्ट्झ करा, १ किलोहर्ट्झ करा, नाहीतर बटण दाबून हाताने द्या. ६५ वरून ६६ वर जाताना पहिला बिट दुसऱ्याच्या आधी उतरणारच. तीन वेळा वायरिंग करूनही काही हाती लागलं नाही ते यामुळे. तुमच्या बोर्डवर क्लॉक शंभरपट कमी करूनही चूक तितकीच राहिली, तर संशय डीकोडरच्या ग्लिचवर, म्हणजे आकडा ओळखणाऱ्या गेटच्या खोट्या पल्सवर घ्या. कमी क्लॉकवर चूक गेली, तर दुखणं दुसरं आहे.

दुसरं दुखणं: आकडा स्थिर व्हायलाच वेळ नाही

यासाठी डेटाशीट उघडावी लागते. ९३ मध्ये एक स्वतंत्र फ्लिपफ्लॉप आणि तीन फ्लिपफ्लॉपची साखळी असते. चार बिट हवे असतील तर क्यूए हे आउटपुट बाहेरून सीकेबी या इनपुटला जोडावं लागतं. तशी जोडणी केल्यावर क्लॉकपासून क्यूडीपर्यंतचा, म्हणजे चौथ्या बिटापर्यंतचा डिले डेटाशीट थेट देते: ठरावीक, म्हणजे सर्वसाधारण चिपचा, ४६ नॅनोसेकंद, कमाल ७० नॅनोसेकंद. हेच दोन आकडे आपल्याला लागणार आहेत.

दुसऱ्या चिपला पहिलीच्या क्यूडीवरून क्लॉक मिळतो, म्हणून आठ बिटांसाठी ते दुप्पट होतात. ठरावीक ९२, कमाल १४०. आणि १० मेगाहर्ट्झला एका क्लॉकचा काळ १०० नॅनोसेकंद.

चिप ठरावीक वेगाच्या निघाल्या तर १२८ हा आकडा पुढच्या क्लॉकच्या जेमतेम आठ नॅनोसेकंद आधी तयार होतो. टेबलावर बोर्ड चालल्यासारखा दिसतो. कमाल डिलेच्या चिप आल्या तर आठवा बिट १४० व्या नॅनोसेकंदाला चढतो, पण त्याआधीच पुढचा क्लॉक येऊन पहिला बिट पुन्हा एक झालेला असतो. मग १२८ हा आकडा आठ तारांवर एकदाही पूर्ण दिसत नाही. यात एकही पल्स हरवत नाही, हे विसरू नका. मोजणी बरोबर चाललेली असते, फक्त कुठल्याही क्षणी काढलेला 'फोटो' चुकीचा येतो, कारण काही घमेली अजून रांगेत असतात.

मुलं हमखास ठरावीक आकडा धरून हिशोब करतात. तो करू नका. वरचा कमाल आकडासुद्धा ५ व्होल्ट, २५ अंश सेल्सिअस आणि १५ पिकोफॅरडच्या लोडवर दिलेला आहे. मे महिन्यात ठाण्यातल्या पत्र्याच्या शेडखाली, बंद डब्यातल्या बोर्डवर २५ अंश कुठून येणार? शिवाय ब्रेडबोर्डच्या पट्ट्या आणि लांब तारा लोड वाढवतात. मी हिशोबात आलेल्या फ्रिक्वेन्सीच्या तीन चतुर्थांशपेक्षा वर जात नाही.

आता वाचनाची मर्यादा काढू. आठ बिट ७४एलएस३७४ या रजिस्टरमध्ये पकडायचे आहेत. त्याचा सेटअप टाइम २० नॅनोसेकंद, म्हणजे डेटा त्याच्या क्लॉकआधी तेवढा वेळ स्थिर हवा. मात्र ३७४ चढत्या कडेला पकडतो आणि ९३ उतरत्या कडेला हलतो, म्हणून कुठेतरी इन्व्हर्टर लागतो. तो रजिस्टरच्या बाजूला लावण्याची चूक सर्रास होते. तसं केलं तर रजिस्टर इन्व्हर्टरच्या डिलेइतकं उशिरा पकडतं, आणि तेवढ्यात ९३ चा पहिला बिट हललेलाही असू शकतो. इन्व्हर्टर काउंटरच्या बाजूला लावा आणि मूळ क्लॉक थेट रजिस्टरला द्या. मग रजिस्टर आधी पकडतं आणि काउंटर त्यानंतर हलतो. ७४एलएस०४ या इन्व्हर्टरचा कमाल डिले १५ धरला तर:

```
T ≥ 15 + 140 + 20 = 175 ns
f ≤ 1 / 175 ns ≈ 5.7 MHz
```

सोळा बिट केले तर १४० च्या जागी २८० येतात, बेरीज ३१५ होते आणि मर्यादा ३.२ मेगाहर्ट्झच्या खाली जाते. प्रत्येक वाढीव बिटाची किंमत अशी मोजावी लागते.

याच ९३ च्या डेटाशीटवर मोजणीची फ्रिक्वेन्सी किमान ३२ मेगाहर्ट्झ असल्याची हमी दिलेली असते, आणि तीही खोटी नाही. तो पहिल्या माणसाचा वेग आहे. तुम्हाला फक्त शेवटच्या बिटावरची भागलेली फ्रिक्वेन्सी हवी असेल, मधले बिट कोणी पाहणार नसेल, तर हा काउंटर ३२ मेगाहर्ट्झपर्यंत बिनचूक भागतो. आउटपुट १४० नॅनोसेकंद उशिरा येतं, पण प्रत्येक वेळी जवळजवळ तितकंच उशिरा, म्हणून फ्रिक्वेन्सी बिघडत नाही.

स्कोपवर कसं पाहायचं

पहिल्या चॅनलवर क्लॉक, दुसऱ्यावर आठवा बिट. ट्रिगर आठव्या बिटाच्या चढत्या कडेवर ठेवा, क्लॉकवर नको. क्लॉकवर ठेवलात तर २५६ मधली कुठलीही कड धरली जाईल आणि चित्र थरथरेल. आठव्या बिटाच्या मागे, डावीकडे, क्लॉकची जी उतरती कड दिसेल तिच्यापासून अंतर मोजायचं. दोन्हीकडे १.३ व्होल्टची पातळी धरा, कारण एलएस चिपचे डिले त्याच पातळीवर मोजून दिलेले असतात.

इथे एक फसवी जागा आहे. क्लॉक १० मेगाहर्ट्झ असताना ९२ नॅनोसेकंदांच्या डिलेमुळे आठवा बिट पुढच्या क्लॉककडेला अगदी चिकटून दिसतो. तो त्या पुढच्या कडेमुळेच आला, असंही कोणी वाचेल. म्हणून डिले मोजताना क्लॉक मुद्दाम १ मेगाहर्ट्झ करा. डिले तोच राहतो आणि कड कुठली याबद्दल शंका उरत नाही. तिच्या बोर्डवर आम्हाला नव्वदच्या आसपास दिसले.

प्रोब १० पटीवर हवा. एक पटीवरचा प्रोब इतका लोड टाकतो की मोजतानाच डिले वाढतो. स्कोप १०० मेगाहर्ट्झचा असेल तर त्याचा स्वतःचा राइज टाइम साडेतीन नॅनोसेकंद असतो, तो या कामाला पुरतो. खोटे पल्स पाहायला ट्रिगर ६४ च्या गेटच्या आउटपुटवर लावा आणि स्कोपवर पल्सच्या रुंदीचा ट्रिगर असेल तर '२० नॅनोसेकंदांपेक्षा कमी' असं सांगा. खोटे पल्स एकेक करून पडद्यावर येतात. खरा पल्सही पाहून ठेवा. १० मेगाहर्ट्झवर तो १०० नॅनोसेकंद रुंद असायला हवा, पण आम्हाला जेमतेम तीस दिसला. ६३ वरून ६४ वर जाताना सातवा बिट ऐंशी नॅनोसेकंदांनी चढतो आणि पुढच्या क्लॉकला पहिला बिट दहा नॅनोसेकंदांत हलून ६४ मोडतो. मधे उरतात ते तीस.

सिंक्रोनस काउंटर: सगळे एकाच शिट्टीवर

सिंक्रोनस काउंटरमध्ये प्रत्येक फ्लिपफ्लॉपला तोच क्लॉक मिळतो. उलटायचं की नाही हे आधीच्या बिटांकडे बघून गेटं ठरवतात, तेही क्लॉक येण्याआधी. क्लॉक आला की ज्यांना उलटायचं आहे ते एकदम उलटतात. काळाचा हिशोब आता फ्लिपफ्लॉपच्या संख्येवर ठरत नाही. एक फ्लिपफ्लॉप, मधली गेटं आणि पुढचा सेटअप, एवढंच मोजायचं.

मी तिला दोन ७४एलएस१६१ दिल्या. या चिपच्या चार बिटांची गेटं आतच असतात. चार बिट भरले की आरसीओ हा पाय वर जातो आणि तो पुढच्या चिपला मोजायची परवानगी देणाऱ्या ईएनटी पायाला जोडतात. क्लॉकपासून आरसीओपर्यंत कमाल ३५, ईएनटीचा सेटअप २०:

```
T ≥ 35 + 20 = 55 ns
f ≤ 1 / 55 ns ≈ 18.2 MHz
```

त्याच एलएस घराण्यातल्या चिप, तेच आठ बिट, आणि ५.७ च्या जागी १८ मेगाहर्ट्झ. एकटी १६१ मात्र २५ मेगाहर्ट्झचीच हमी देते, ९३ च्या ३२ पेक्षा कमी. 'सिंक्रोनस म्हणजे नेहमीच वेगवान' हे वाक्य म्हणून अर्धवट आहे. नुसतं भागायचं असेल तर ९३ पुढे जाते. आठही बिट एकाच क्षणी खरे हवे असतील तर १६१.

चिप वाढवल्या की इथेही एक साखळी डोकं वर काढते. चार चिप म्हणजे सोळा बिट केले आणि प्रत्येकीचा आरसीओ पुढचीच्या ईएनटीला जोडला, तर हातचा मधल्या दोन चिपमधून जातो आणि प्रत्येकीत ईएनटी ते आरसीओ कमाल १४ नॅनोसेकंद खातो. बेरीज ३५ + २८ + २० = ८३, म्हणजे १२ मेगाहर्ट्झ. फ्लिपफ्लॉप एकदम हलतात, पण हातचा पुन्हा रांगेतून जातो.

यावर जोडणीची एक युक्ती आहे. पहिल्या चिपचा आरसीओ बाकी सगळ्या चिपच्या ईएनपी या परवानगीच्या दुसऱ्या पायाला थेट द्या. ईएनटीची साखळी मात्र दुसऱ्या चिपपासून सुरू करा आणि दुसरीचा ईएनटी कायम वर बांधा. वरच्या चिप सोळा क्लॉकमधून एकदाच हलतात, म्हणून त्यांच्यातल्या साखळीला स्थिर व्हायला जवळपास सोळा क्लॉक मिळतात. घाईचा मार्ग फक्त पहिल्या आरसीओपासून ईएनपीपर्यंतचा उरतो: ३५ अधिक २०, पुन्हा ५५. चिप कितीही असल्या तरी मर्यादा १८ मेगाहर्ट्झवर टिकते. १६१ ला ईएनटी आणि ईएनपी असे दोन वेगळे पाय का दिले आहेत, ते इथे कळतं: आरसीओवर परिणाम फक्त ईएनटीचा होतो.

तिच्या बोर्डवर आम्ही काय केलं

१६१ बसवल्या म्हणून ६४ च्या गेटमधले ग्लिच आपोआप शंभर टक्के जात नाहीत. आउटपुट चढायला कमाल २४ आणि उतरायला कमाल २७ नॅनोसेकंद लागतात, इन्व्हर्टरमधून जाणारे बिट आणखी मागे पडतात. म्हणजे फरक काही नॅनोसेकंदांचा, पण उरतोच. म्हणून डीकोडरचं आउटपुट फ्लिपफ्लॉपच्या क्लॉकला कधीच थेट देऊ नका. ते डी इनपुटला द्या आणि क्लॉक मुख्यच ठेवा. ग्लिच क्लॉकनंतर लगेच येऊन जातात आणि पुढच्या कडेपर्यंत सगळं शांत झालेलं असतं.

असं पकडल्याने पल्स एक क्लॉक उशिरा येतो. म्हणून आम्ही ६४ ऐवजी ६३ ओळखला. त्यात सहा बिट एक आणि दोनच शून्य, त्यामुळे इन्व्हर्टर सातच्या जागी दोन लागले. आठ इनपुटचं ७४एलएस३० आणि त्यापुढे ७४एलएस७४ चा फ्लिपफ्लॉप. ३० नंबरचं गेट उलटं आउटपुट देतं, म्हणून फ्लिपफ्लॉपचा उलटा पाय वापरला. हिशोब असा:

```
T ≥ 27 + 15 + 20 + 20 = 82 ns   (< 100 ns)
```

अनुक्रमे १६१, इन्व्हर्टर, गेट आणि सेटअप. बाराच्या वर मेगाहर्ट्झ येतात. माझ्या तीन चतुर्थांशच्या नियमात हे बसत नाही, नऊवर थांबतं. तिला ते सांगितलं. १०० मधून उरलेले हे १८ नॅनोसेकंद टेबलावर पुरतील, पण डब्यात बसवायचं असेल तर हाच बोर्ड ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर न्यावा. तिने प्रत्येक चिपच्या पुरवठ्याच्या पायांशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, कारण एवढे बिट एकदम हलताना पुरवठ्यात खड्डा पडतो आणि सिंक्रोनसमध्ये तो रिपलपेक्षा मोठा असतो. त्यानंतर दर २५६ क्लॉकमागे एकच पल्स येऊ लागला.

९३ फेकू नका

तिच्या डब्यात परत गेलेल्या दोन ९३ चा उपयोग तिने लगेच विचारला. फ्रिक्वेन्सी मीटरमध्ये त्या चालतात. तिथे सिग्नल एका गेटमधून ठरावीक वेळच आत सोडतात, मग गेट बंद करतात आणि आकडा वाचतात. मोजताना कोणी बघत नाही. गेट बंद झाल्यावर लॅचचा पल्स देण्याआधी कमाल रिपलइतकं, म्हणजे आठ बिटांना १४० नॅनोसेकंद थांबायचं. मी सरळ एक मायक्रोसेकंद ठेवतो. एवढं थांबलं की सिग्नल ३० मेगाहर्ट्झचा असला तरी आकडा खरा निघतो. गेट बंद होतानाची कड आणि लॅचचा पल्स एकाच तारेवरून घेतले, तर मात्र शेवटचा हातचा वाटेत असतानाच आकडा पकडला जातो. असा मीटर बहुतेक वेळा बरोबर दाखवतो, आणि अधूनमधून ६४ किंवा १२८ ने चुकतो.

घड्याळातली ४०६० ही चिपही रिपलच आहे. ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल, चौदा फ्लिपफ्लॉप, शेवटच्यावर २ हर्ट्झ. आणखी एक फ्लिपफ्लॉप लावला की सेकंद. तिथे एका क्लॉकचा काळ तीस मायक्रोसेकंदांहून जास्त असतो आणि मधले बिट कोणी एकत्र वाचत नाही. शिवाय पहिला सोडला तर बाकीचे फ्लिपफ्लॉप क्रमाने अर्ध्या अर्ध्या वेगाने हलतात, म्हणून करंट फार कमी लागतो.

तिने जाताना ९३ च्या डब्यावर मार्करने लिहिलं: "भागायला ३२, वाचायला ५.७, थांबून वाचायला पुन्हा ३२." आणि खाली छोट्या अक्षरांत, "आठ बिट."